बोट कोठे ठेवता? गुडघ्याच्या आतील बाजूचे दुखणे : सांध्याचे की सांध्याखालचे?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विभागाच्या कामाचा आकड्यांतील तपशील या अहवालात अन्यत्र छापलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता आज आम्ही एकाच दुखण्याविषयी बोलणार आहोत. जिना चढताना गुडघ्याच्या आतील बाजूस, सांध्याच्या थोडे खाली उठणारी कळ, हे ते दुखणे. हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. आपल्या रुग्णसाहाय्य निधीकडे सांधेरोपण शस्त्रक्रियेसाठी जे अर्ज येतात, त्यांतील काही अर्जांमागे हेच दुखणे दडलेले असते आणि ते सांधेरोपणाने बरे होणारे नसते.

प्रारंभ एका अर्जापासूनच करू. अर्ज एका मुलाने आपल्या आईसाठी केला होता. रुग्ण बाई ५८ वर्षांच्या. घरी पोळी-भाजीचे डबे करून देण्याचा व्यवसाय. राहणे तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, एकूण पायऱ्या ५४. चार महिन्यांपासून उजवा गुडघा दुखत होता. रात्री कूस बदलताना जाग येई, स्टुलावरून उठताना ओट्याचा आधार घ्यावा लागे आणि डबे घेऊन जिना चढताना प्रत्येक पायरीला सुरी फिरल्यासारखे वाटे. अन्यत्र काढलेल्या क्ष-किरण चित्रात सांध्याची झीज दिसली होती आणि सांधा बदलून घेण्याचा सल्ला मिळाला होता. मुलाने काही रक्कम उभी केली होती. उरलेल्या रकमेसाठी तो आपल्याकडे आला होता.

तपासणीच्या मेजावर बसल्यावर आम्ही बाईंना एवढेच विचारले, की दुखते कोठे ते एका बोटाने दाखवा. बहुतेक रुग्ण अशा वेळी सगळा तळहात गुडघ्यावर फिरवतात. या बाईंनी मात्र क्षणाचाही विचार न करता तर्जनी एका ठिकाणी टेकवली. ते ठिकाण सांध्यावर नव्हते. सांध्याच्या रेषेपासून सुमारे चार बोटे खाली, नडगीच्या हाडाच्या आतील अंगाला होते.

ही चार बोटे इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचना थोडी पाहावी लागेल. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तो सांधा. दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयोमानाने, वजनाने वा जुन्या दुखापतीने ते झिजते, तेव्हा त्यास आपण सांध्याची झीज म्हणतो. आपल्याकडे ही झीज बहुधा सांध्याच्या आतील अर्ध्या भागात अधिक होते आणि म्हणूनच झिजलेल्या गुडघ्याचा पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकतो.

सांध्याच्या या रेषेखाली सुमारे दोन इंचांवर वेगळीच रचना आहे. मांडीतून उतरणाऱ्या तीन स्नायूंच्या कंडरा तेथे एकत्र येऊन नडगीच्या हाडाला चिकटतात. एक स्नायू कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो, दुसरा जांघेजवळच्या हाडापासून आणि तिसरा बैठकीच्या हाडापासून. पुढून, मधून आणि मागून आलेल्या या तीन दोऱ्या गुडघ्याच्या आतील बाजूस एकाच जागी बांधल्या जातात, जणू तंबूचे तीन तणावे एकाच खुंटीला बांधावेत. हाडावर पसरलेला त्यांचा आकार शरीररचनाशास्त्रज्ञांना हंसाच्या पडदे असलेल्या पंजासारखा वाटला, म्हणून लॅटिनमध्ये त्याचे नाव ‘पेस अँसेरिनस’ पडले. आपण त्यास हंसपाद म्हणू.

या कंडरा हाडावर घासू नयेत म्हणून त्यांच्या खाली एक अगदी पातळ पिशवी असते. तिच्या आतल्या भिंती ओलसर व निसरड्या असतात. तिला बर्सा म्हणतात. ती निरोगी असताना तिचे अस्तित्वही जाणवत नाही. ती दुखावली, सुजली, तर त्या दुखण्यास बर्सायटिस म्हणतात.

आता जिन्याचा विचार करू. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा फारसा वाकत नाही. पायरी चढताना मात्र वाकलेल्या एका गुडघ्यावर सगळे शरीर तोलून वर उचलावे लागते. त्या क्षणी गुडघा आतल्या बाजूस ढळू पाहतो आणि नडगी बाहेर पिळवटू पाहते. त्या दोन्ही हालचालींना आतून आवरून धरण्याचे काम हंसपादाच्या तीन कंडरा करतात. म्हणजे प्रत्येक पायरीला त्या ताणल्या जातात व बर्सावर दाबल्या जातात. वजन जास्त असेल, मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, पाऊल सपाट असेल किंवा गुडघे आत वळलेले असतील, तर हा दाब वाढतो. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि मध्यमवयीन स्त्रियांमध्ये हे दुखणे अधिक आढळते. आमच्या रुग्ण बाईंचे वजन ७४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर आणि मधुमेहास नऊ वर्षे झालेली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जिना चढताना दुखते, एवढ्यावरून बर्सा की सांधा हे ठरत नाही. जिना चढता-उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, त्यामुळे झिजलेला सांधाही जिन्यावर दुखतोच. दुखणे उठण्याचा प्रसंग दोन्हींत एकच आहे. वेगळी आहे ती जागा. ती जागा डोळ्यांनी नव्हे, बोटाने शोधावी लागते.

आम्ही ती अशी शोधतो. रुग्णास मेजाच्या कडेला बसवून गुडघा काटकोनात सैल सोडायला सांगतो. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना दोन खळगे लागतात. आतल्या खळग्यातून बोट आतील बाजूस सरकवले, की दोन हाडांमधील फट जाणवते. ती सांध्याची रेषा. तिच्यावर ठिकठिकाणी दाबून पाहतो. मग वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा असतो, तेथून सुमारे दोन इंच आतल्या बाजूस जाऊन दाबतो. ते हंसपादाचे स्थान. शेवटी, हे सर्व दुसऱ्या गुडघ्यावरही करतो. ही शेवटची पायरी गाळता येत नाही, कारण स्थूल व्यक्तींमध्ये ती जागा निरोगी असतानाही दाबल्यास थोडी दुखते. फरक आढळला तरच त्यास अर्थ आहे.

या बाईंच्या सांध्याच्या रेषेवर दाबल्यावर त्या केवळ ‘थोडेसे’ म्हणाल्या. हंसपादावर बोट पडताच त्यांनी पाय मागे ओढला. डाव्या बाजूस तीच जागा शांत होती. टाच मागे खेचायला सांगून आम्ही हाताने अडवली, तेव्हा नेमकी तीच कळ उठली. गुडघ्यात पाणी नव्हते. तो पूर्ण सरळ होत होता. हलवताना किंचित करकर लागत होती. सकाळी गुडघा धरतो का, असे विचारले, तर दहा-पंधरा मिनिटे धरतो म्हणाल्या.

आता प्रश्न उरला क्ष-किरण चित्राचा. झीज तर त्यात स्पष्ट होती. आम्ही दोन्ही गुडघ्यांचे चित्र उभे राहून पुन्हा काढले. उभे राहून काढणे आवश्यक असते, कारण निजून काढलेल्या चित्रात हाडांवर भार नसल्याने सांध्यातील फट खोटी रुंद दिसू शकते. चित्रात उजव्या गुडघ्याची फट आतल्या बाजूस कमी झालेली होती आणि हाडाच्या कडांना लहान टोके आलेली होती. १९५७ साली केलग्रेन व लॉरेन्स यांनी झिजेची शून्य ते चार अशी जी प्रतवारी मांडली, तिच्यानुसार ही दुसरी प्रत. आणि डावा गुडघा? त्याचीही दुसरीच प्रत. झीज दोन्हीकडे सारखी, पण दुखत होता एकच गुडघा. मग त्या दुखण्याचा सगळा दोष झिजेवर कसा टाकावा?

आप्तजनांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पन्नाशीनंतर काढलेल्या गुडघ्याच्या चित्रात झिजेच्या खुणा वारंवार दिसतात आणि अशा कित्येकांना काहीही त्रास नसतो. चित्र खोटे बोलत नाही, परंतु आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देतेच असे नाही. फट किती उरली ते ते सांगते. कळ कोठून येते ते सांगत नाही, आणि बर्सा तर त्यात दिसतच नाही.

हा घोटाळा नवा नाही. न्यूयॉर्कचे वैद्यक एली मॉश्कोविट्झ यांनी १९३७ साली या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या शीर्षकातच हा आजार जुनाट संधिवाताचे सोंग घेतो अशा अर्थाचे शब्द घातले होते. त्यांचे रुग्णही जवळजवळ सर्व स्त्रियाच होत्या आणि त्यांची तक्रार जिना चढण्या-उतरण्याची व खुर्चीवरून उठण्याची होती.

निदानाची खात्री करण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी घेतली. बाईंना आमच्या इमारतीच्या जिन्याच्या २२ पायऱ्या चढायला लावल्या आणि दहापैकी किती दुखले ते विचारले. त्यांनी आठ सांगितले. मग निर्जंतुक पद्धतीने हंसपादाच्या जागी बधिर करणाऱ्या औषधाचे दोन मिलिलिटर टोचले. सांध्याच्या आत काहीही घातले नाही. दहा मिनिटांनी पुन्हा त्याच पायऱ्या. वर पोहोचल्यावर त्या थांबल्या, दोन पायऱ्या खाली आल्या, परत चढल्या आणि म्हणाल्या, “दोन. फार तर दोन.” सांधा होता तसाच होता. त्याच्या खालची एक जागा तेवढी गप्प झाली होती.

हा परिणाम एक-दोन तासांचाच असतो, हे त्यांना आधीच सांगितले होते. खरा उपचार त्यानंतरचा. पहिल्या दोन आठवड्यांत जिन्याच्या फेऱ्या दिवसाला एकीवर आणल्या. डबे खाली पोहोचवण्याचे काम मुलाने अंगावर घेतले. दुखऱ्या जागी दिवसातून तीन वेळा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे. रात्री कुशीवर निजताना दोन गुडघ्यांमध्ये उशी, म्हणजे एका गुडघ्याचा दाब दुसऱ्याच्या हंसपादावर पडत नाही. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावर.

त्याच्या जोडीला व्यायाम. उताणे निजून तळपायाखालून पंचा घ्यावा, गुडघा सरळ ठेवून पाय वर उचलावा व मांडीच्या मागे ताण जाणवताच ३० सेकंद थांबावे. असे तीनदा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा व्यायाम मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी: पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच आकडे मोजून सावकाश खाली ठेवावा, असे दहा वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये, एवढी मर्यादा पाळायची.

तीन आठवड्यांनी दुखणे निम्म्यावर आले, पण तेथेच अडले. तेव्हा त्या जागी स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले. मधुमेही रुग्णास हे देताना घाई करू नये. त्यांची साखर आधी नियंत्रणात आणली आणि इंजेक्शननंतर आठवडाभर घरी रोज तपासायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती बरीच चढली आणि पाचव्या दिवशी पूर्ववत झाली. हे अपेक्षितच होते, पण घरच्यांना आधी सांगितले नसते तर ते घाबरले असते. हे इंजेक्शन वारंवार घेण्याचेही नाही. त्याने कंडरा दुबळी होऊ शकते आणि वरची त्वचा पातळ व पांढुरकी पडू शकते. एकाने बरे वाटले म्हणून दर महिन्याला मागणारे रुग्ण असतात. त्यांना आम्ही नाही म्हणतो.

तीन महिन्यांअखेर बाईंचे वजन तीन किलोंनी उतरले होते आणि त्या ५४ पायऱ्या एकदाही न थांबता चढत होत्या. मुलाने आपला अर्ज मागे घेतला. झीज मात्र गेलेली नाही, तीही दुसऱ्या प्रतीची का होईना, आहेच. पुढे कधी सांधाच दुखू लागला तर त्याचा विचार त्या वेळी करू, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले आहे.

येथे थांबलो असतो तर ही गोष्ट फार सोयीची झाली असती. परंतु या बाईंचे पाहून त्याच इमारतीतील ६७ वर्षांच्या एक आजी आमच्याकडे आल्या. त्यांचाही गुडघा आतून दुखत होता, जिन्यावर दुखत होता आणि हंसपादावर दाबल्यावर त्याही कळवळल्या. आम्ही त्यांना त्याच जागी इंजेक्शन दिले. खालच्या जागेची कळ तीन आठवडे थांबली, जिना मात्र तसाच राहिला. मग आणखी व्यायाम, आणखी वाट पाहणे. यात पाच महिने गेले, आणि ते आम्ही घालवले हे मान्य केले पाहिजे.

वास्तविक पुढ्यात सर्व काही दिसत होते. आजींनी बोट ठेवले नव्हते, सगळा तळहात ठेवला होता. दाबल्यावर हंसपाद दुखत होता, तशी सांध्याची संपूर्ण रेषाही दुखत होती. पाय धनुष्यासारखा वाकलेला होता. गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता. सपाट जमिनीवरही शंभर पावलांनंतर बसावे लागे. उभे राहून काढलेल्या चित्रात आतल्या बाजूस फट उरलीच नव्हती, हाडावर हाड टेकले होते. झिजलेल्या, वाकलेल्या गुडघ्यात हंसपादावर ताण येतो आणि दोन्ही दुखणी एकत्र नांदतात, हे पुस्तकातले वाक्य आम्हांस ठाऊक होते. परंतु आधीच्या यशामुळे आम्ही दोहोंपैकी सोपे तेवढे पाहिले. आजींचा सांधा पुढे बदलला, खर्चाचा मोठा वाटा आपल्या निधीने उचलला आणि तो योग्य ठिकाणी गेला.

म्हणून या दोन स्त्रियांकडून आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात सांगता येईल: हंसपाद दुखतो की नाही एवढेच विचारून चालत नाही, तो शांत केल्यावर किती दुखणे उरते, हेही विचारावे लागते. फारसे काही उरले नाही तर सांध्याला हात लावण्याचे कारण नाही. बहुतेक दुखणे उरले, तर मूळ सांध्यात आहे आणि त्याचा उपचार लांबवण्यात अर्थ नाही.

निदानाच्या नावाबद्दलही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अशा रुग्णांची सोनोग्राफी केली, तर पुष्कळदा बर्सामध्ये सूज वा द्रव दिसत नाही. दुखणे कधी कंडरेचे असते, कधी भोवतालच्या चरबीचे. त्यामुळे बर्सायटिस हे नाव नेहमीच काटेकोर नसते आणि सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून रुग्णाची कळ खोटी ठरत नाही. उपचाराचा मार्ग बहुतांशी तोच राहतो.

एक गोष्ट मात्र या दोहोंतही बसत नाही, आणि ती घरच्यांच्या ध्यानात असावी. वयस्कर व्यक्तीस, विशेषतः हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीस, याच भागात एकाएकी दुखू लागले, सपाट जमिनीवर प्रत्येक पाऊल टेकताना कळ येऊ लागली आणि दाबल्यावर एक ठिपका नव्हे तर हाडाचा आडवा पट्टा दुखला, तर नडगीच्या वरच्या टोकास बारीक तडा गेलेला असू शकतो. सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात तो दिसत नाही. एमआरआय करावा लागतो. अशा वेळी व्यायाम वा चोळणे दोन्ही अपायकारक. तसेच जागा लाल व गरम झाली, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात यावे. मधुमेही रुग्णाने तर एक रात्रही थांबू नये.

विश्वस्त मंडळास आमची एक विनंती आहे. सांधेरोपणाच्या साहाय्यासाठी येणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत यापुढे तीन गोष्टी असाव्यात: उभे राहून काढलेले दोन्ही गुडघ्यांचे क्ष-किरण चित्र, रुग्णाने बोटाने दाखवलेली जागा नोंदवलेली तपासणीची टिपणी, आणि हंसपादाची शंका असल्यास बधिर करून घेतलेल्या कसोटीचा निष्कर्ष. यासाठी नवे यंत्र लागणार नाही. प्रत्येक रुग्णामागे अर्धा तास अधिक लागेल आणि तो देण्यास विभाग तयार आहे. ज्यांना सांधा बदलण्याची खरी गरज आहे, त्या आजींसारख्यांपर्यंत आपली देणगी लवकर पोहोचावी आणि ज्यांना गरज नाही, त्यांच्या गुडघ्यावर सुरी चालू नये, एवढाच यामागील हेतू आहे.